स्लायडिंग विंडो कधी चालते, कधी फसते

समजा, एका गावातल्या सात दिवसांच्या पावसाची नोंद मिलिमीटरमध्ये अशी आहे: २०, ३५, ५, १०, ६०, ४५, १५. प्रश्न असा की, कमीत कमी किती सलग दिवसांत मिळून १०० मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला? आता दुसरी नोंद घ्या. एका धरणाच्या साठ्यात रोज किती फरक पडला, तो दशलक्ष घनमीटरमध्ये, म्हणजे दलघमीत, लिहिला आहे: +५, −४, +३, +६. कमीत कमी किती सलग दिवसांत साठा निव्वळ ९ दलघमी किंवा जास्त वाढला?

दोन्ही प्रश्नांची वाक्यरचना सारखीच आहे. दोन्हींत ‘सलग’ आहे, ‘कमीत कमी’ आहे आणि बेरीज आहे. तरी पहिल्याला स्लायडिंग विंडो चोख उत्तर देते आणि दुसऱ्याला बिनदिक्कत चुकीचं उत्तर देते. मुलाखतीची तयारी करणारी मुलं बहुतेकदा प्रश्नातल्या शब्दांवरून पद्धत ओळखायला शिकतात, आणि याच जागी फसतात. ओळखण्याची खूण शब्दांत नसते. ती कुठे असते हे या दोन नोंदींवरूनच पाहता येईल.

गैरसमज: प्रश्नात ‘सलग’, ‘सबॲरे’ किंवा ‘सबस्ट्रिंग’ दिसलं की स्लायडिंग विंडो लावायची

आधी पावसाचा प्रश्न साध्या, दांडगाईच्या पद्धतीने सोडवू. शेवटचा दिवस धरायचा, सुरुवातीचा प्रत्येक दिवस घेऊन बेरीज तपासायची आणि १०० भरले तर ‘हो’, नाहीतर ‘नाही’ लिहायचं. पहिल्या चार दिवसांची सगळी बेरीजच ७० आहे, म्हणून तिथपर्यंत सगळे ‘नाही’. त्यापुढच्या ओळी अशा येतात. डावीकडून पहिला शब्द म्हणजे पहिल्या दिवसापासून सुरुवात, दुसरा म्हणजे दुसऱ्या दिवसापासून, आणि असंच पुढे.

```
शेवट दिवस ५:  हो  हो  नाही नाही नाही
शेवट दिवस ६:  हो  हो  हो  हो  हो  नाही
शेवट दिवस ७:  हो  हो  हो  हो  हो  नाही नाही
```

या तक्त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, प्रत्येक ओळीत आधी सगळे ‘हो’ येतात, मग सगळे ‘नाही’. बदल एकदाच होतो. दोन, तो बदल होण्याची जागा ओळीगणिक उजवीकडे जाते किंवा तिथेच राहते, मागे येत नाही. पाचव्या दिवशी शेवटचा ‘हो’ दुसऱ्या दिवसावर आहे, सहाव्या आणि सातव्या दिवशी पाचव्यावर. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामधली रेघ जिन्यासारखी एकाच दिशेने जाते.

स्लायडिंग विंडो म्हणजे या जिन्याच्या कडेवरून चालणं. डावा पॉइंटर ती कड धरून ठेवतो, उजवा पुढची ओळ उघडतो. जिना मागे वळत नाही म्हणूनच डाव्या पॉइंटरला मागे यावं लागत नाही, आणि तक्त्यातली बाकीची घरं न तपासता सोडून देता येतात.

पावसाच्या बाबतीत जिना तयार होण्याचं कारण अगदी साधं आहे. पाऊस कधी ऋण नसतो. सुरुवातीचा दिवस काढला तर बेरीज वाढत नाही, आणि शेवटी एक दिवस जोडला तर ती कमी होत नाही. पहिल्या गोष्टीमुळे ओळीतला बदल एकदाच होतो आणि दुसरीमुळे कड मागे येत नाही. पद्धतीचं सगळं बळ या दोन वाक्यांत आहे.

आता धरणाची नोंद. चौथ्या दिवशी शेवट धरला तर पहिल्या दिवसापासूनची बेरीज १० येते, दुसऱ्यापासूनची ५, तिसऱ्यापासूनची ९ आणि फक्त चौथ्याची ६. हवे आहेत ९. म्हणजे ओळ अशी:

```
शेवट दिवस ४:  हो  नाही  हो  नाही
```

विंडोचा कोड या ओळीत कसा वागतो ते पाहा. चौथ्या दिवशी बेरीज १० होते, अट पुरी होते, चार दिवस हे उत्तर नोंदवलं जातं. मग तो पहिला दिवस काढतो, बेरीज ५ वर येते आणि तो थांबतो. त्याला वाटतं की आणखी दिवस काढले तर बेरीज आणखी घटेल. पण पुढचा आकडा −४ आहे. तो काढल्यावर बेरीज वाढून ९ झाली असती आणि दोन दिवसांचं खरं उत्तर मिळालं असतं. कोड चार म्हणतो. एरर येत नाही, प्रोग्रॅम अडकत नाही, उत्तर फक्त चुकीचं असतं. म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते.

तेव्हा प्रश्न वाचल्यावर स्वतःला विचारायची गोष्ट अशी: शेवट पक्का धरला आणि सुरुवात एकेक पाऊल पुढे नेली, तर ‘हो’चं ‘नाही’ झाल्यावर पुन्हा ‘हो’ होऊ शकतं का? होऊ शकत असेल, तर साधी विंडो चालणार नाही. ‘जास्तीत जास्त लांब’ अशा प्रश्नांत क्रम उलटा असतो. उदाहरणार्थ, ‘जास्तीत जास्त दोन वेगळी अक्षरं असलेली सर्वांत लांब सबस्ट्रिंग’ मागितली, तर ओळीत आधी ‘नाही’ आणि मग ‘हो’ येतात, कारण विंडो आखूड झाली की अक्षरांचे प्रकार वाढत नाहीत. बदल तिथेही एकदाच होतो. विचारायचा प्रश्न तोच, फक्त दिशा वेगळी.

कोड लिहिताना या दिशेचा एक परिणाम होतो. ‘सर्वांत आखूड’ मागितलं असेल तर अट पुरी असेपर्यंत डावीकडून काढत राहायचं आणि उत्तर त्या आतल्या लूपमध्ये नोंदवायचं. ‘सर्वांत लांब’ मागितलं असेल तर अट मोडलेली असेपर्यंत काढायचं आणि उत्तर लूप संपल्यावर, बाहेर नोंदवायचं. ही जागा अदलाबदल झाली की उत्तर एखाद-दुसऱ्याने चुकतं किंवा अवैध विंडोची लांबी नोंदली जाते. पाठ केलेल्या साच्यात ही चूक फार होते.

गैरसमज: लूपच्या आत लूप आहे, म्हणजे वेळ n² लागणार

पावसाच्या प्रश्नाचा कोड एवढाच आहे:

```python
def shortest(a, K):
    l = s = 0
    best = len(a) + 1
    for r in range(len(a)):
        s += a[r]
        while s >= K:
            best = min(best, r - l + 1)
            s -= a[l]
            l += 1
    return best if best <= len(a) else 0
```

`for` च्या आत `while` पाहून अनेकजण हा कोड n² वेळेचा समजतात, आणि ‘ही पद्धत इथे नको’ म्हणून सोडूनही देतात. मोजायचं असतं ते `l` एकूण किती वेळा पुढे सरकला हे. एखाद्या फेरीत तो तीनदा सरकेल, एखाद्या फेरीत मुळीच नाही. पण तो मागे कधीच येत नसल्यामुळे संपूर्ण कामात n पेक्षा जास्त वेळा सरकू शकत नाही.

पावसाच्या आकड्यांवर चालवून पाहू. पाचव्या दिवशी बेरीज १३० होते. पाच दिवस नोंदवले, २० काढले, ११० उरले. चार दिवस नोंदवले, ३५ काढले, ७५ उरले, थांबलो. सहाव्या दिवशी ४५ जोडून १२० झाले. तिसरा दिवस धरून पुन्हा चार दिवस, मग ५ काढून ११५ ला तीन दिवस, १० काढून १०५ ला दोन दिवस, आणि ६० काढल्यावर ४५ उरले. सातव्या दिवशी बेरीज ६० झाली, काही घडलं नाही. उत्तर दोन दिवस: ६० आणि ४५. उजवा पॉइंटर सात पावलं चालला, डावा पाच, मिळून बारा. सगळ्या विंडो तपासल्या असत्या तर २८ झाल्या असत्या. सात दिवसांत हा फरक किरकोळ वाटतो. पण नोंदी एक लाख असतील तर सगळ्या विंडो ५०० कोटींच्या वर जातात आणि दोन पॉइंटरची पावलं जास्तीत जास्त दोन लाख होतात.

हा हिशेब खरा ठरतो तो विंडोची स्थिती प्रत्येक पावलाला थोडक्यात बदलता आली तरच. बेरीज असेल तर एक आकडा मिळवा, एक वजा करा. अक्षरांची मोजणी असेल तर एक वाढवा, एक घटवा. पण पॉइंटर नीट सरकवून आत `sum(a[l:r+1])` लिहिणारे पुष्कळ भेटतात. तिथे प्रत्येक पावलाला अख्खी विंडो पुन्हा मोजली जाते आणि दोन पॉइंटर वापरूनही वेळ n² वर जातो. विंडोतली कमाल संख्या हवी असेल तर आणखी एक अडचण येते. बेरजेतून संख्या वजा करता येते. कमाल संख्याच विंडोबाहेर गेली तर तिच्यानंतरची कोण, हे आपल्याकडे लिहिलेलं नसतं. अशा वेळी घटत्या क्रमाची डेक, म्हणजे दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग, सोबत ठेवावी लागते.

आणखी एक मर्यादा या कोडलाच आहे: `K` धन असायला हवा. तो शून्य असेल तर रिकाम्या विंडोची शून्य बेरीजसुद्धा अट पुरी करते, `l` हा `r` च्या पुढे निघून जातो आणि शेवटी ॲरेच्या बाहेर पडतो.

गैरसमज: ऋण संख्या आल्या की हा मार्गच बंद

धरणाच्या उदाहरणानंतर याच्या उलट टोकाला जाणारेही असतात. तक्त्यातला जिना मोडला हे खरं, पण तो दुसऱ्या ठिकाणी उभा करता येतो का, हे पाहायला हवं.

सुरुवातीपासूनच्या चढत्या बेरजा लिहू. काहीच घेतलं नाही तेव्हा ०, मग ५, १, ४, १०. कोणत्याही सलग तुकड्याची बेरीज म्हणजे यातल्या दोन आकड्यांचा फरक. तिसऱ्या-चौथ्या दिवसांची बेरीज १० उणे १, म्हणजे ९. आपल्याला अशी जोडी हवी की तिचा फरक निदान ९ असेल आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या शक्य तितके जवळ असतील.

आता ५ आणि त्याच्या नंतरचा १ पाहा. पुढे कधीही डावं टोक निवडायचं झालं तर ५ पेक्षा १ सरसच ठरणार: तो लहान आहे म्हणून फरक मोठा येतो, आणि नंतरचा आहे म्हणून तुकडा आखूड होतो. म्हणजे १ आल्याबरोबर ५ कायमचा टाकून देता येतो. असं करत गेलं की हाती उरलेली डावी टोकं नेहमी चढत्या क्रमाने राहतात: ०, १, ४. आणि चढत्या क्रमात जिना पुन्हा तयार होतो. १० आल्यावर समोरून तपासायचं. ० शी फरक १०, चार दिवस, ० काढा. १ शी फरक ९, दोन दिवस, १ काढा. ४ शी फरक ६, थांबा. उत्तर दोन. अट पुरी केलेलं डावं टोक काढून टाकता येतं, कारण पुढच्या कुठल्याही उजव्या टोकाशी ते याहून लांबच तुकडा देईल.

प्रत्येक बेरीज रांगेत एकदा येते आणि फार तर एकदा जाते, म्हणून वेळ पुन्हा n च्या प्रमाणातच लागतो. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण इथे साचा उपयोगी पडत नाही. कोणतं डावं टोक कायमचं बाद झालं हे पटवूनच द्यावं लागतं.

‘बेरीज बरोबर K असलेले तुकडे किती’ असं विचारलं आणि संख्या ऋण असतील, तर मात्र जिना शोधण्यात वेळ घालवू नये. तिथे आधीच्या चढत्या बेरजा हॅशमॅपमध्ये मोजून ठेवायच्या आणि प्रत्येक नव्या बेरजेतून K वजा केल्यावर येणारी संख्या आधी किती वेळा आली ते पाहायचं. पॉइंटरचा तिथे संबंध नाही.

गैरसमज: ‘जास्तीत जास्त K’ ऐवजी ‘नेमके K’ विचारलं, तर अटीत `<=` च्या जागी `==` लिहिलं की झालं

क, ख, क, ग अशी चार अक्षरं घ्या. नेमकी दोन वेगळी अक्षरं असलेले सलग तुकडे किती? शेवट तिसऱ्यावर धरला तर ओळ येते ‘हो, हो, नाही’. चौथ्यावर धरला तर ‘नाही, नाही, हो, नाही’. दुसऱ्या ओळीत ‘हो’ मध्येच आहे: तुकडा लांब झाला तर तीन अक्षरं होतात, फार आखूड झाला तर एकच उरतं. बदल दोनदा झाला, म्हणून एका डाव्या पॉइंटरला धरायला एक कड राहिली नाही. `==` लिहून विंडो चालवली तर ती या पट्ट्याची एक बाजू पाहते आणि दुसरीकडचे तुकडे मोजायचे राहून जातात.

पण पट्टा म्हणजे दोन जिन्यांमधली जागा. ‘जास्तीत जास्त दोन’ हा एक जिना, ‘जास्तीत जास्त एक’ हा दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा केला की नेमके दोन उरतात. ‘जास्तीत जास्त’ची मोजणी सोपी आहे: प्रत्येक शेवटासाठी वैध विंडोची जी सर्वांत मोठी लांबी असेल, तितकेच वैध तुकडे त्या शेवटावर संपतात. दोनसाठी चारही शेवटांवर अनुक्रमे १, २, ३ आणि २ मिळतात, बेरीज ८. एकसाठी १, १, १, १, बेरीज ४. आठ उणे चार, चार. हाताने मोजले तर कख, खक, कखक आणि कग, हेच चार. एकच फंक्शन दोन वेगळ्या मर्यादांनी दोनदा बोलवायचं, एवढंच काम.

याच जातीचा, पण जास्त चकवणारा एक प्रश्न आहे. लीटकोडवर तो ३९५ क्रमांकाला आहे: अशी सर्वांत लांब सबस्ट्रिंग शोधा जिच्यातलं प्रत्येक अक्षर किमान K वेळा येतं. प्रश्नात ‘सर्वांत लांब’ आहे, ‘सबस्ट्रिंग’ आहे, मर्यादा आहे. विंडोची सगळी बाह्य लक्षणं हजर. `ababb` घ्या आणि K दोन धरा. शेवट शेवटच्या अक्षरावर ठेवला तर ओळ अशी येते:

```
हो  नाही  नाही  हो  नाही
```

अख्ख्या शब्दात `a` दोनदा आणि `b` तीनदा, ‘हो’. पहिला `a` काढला तर दुसरा एकटा पडतो, ‘नाही’. तो दुसराही काढला की उरतं `bb`, पुन्हा ‘हो’. इथे वजाबाकीचा मार्गही उपयोगी नाही, कारण हा सरळ पट्टाही नाही. अट मोडली तेव्हा विंडो मोठी करायची की लहान, हेच ठरवता येत नाही. मोठी केली तर एकट्या अक्षराला जोडीदार मिळू शकतो, लहान केली तर ते अक्षरच निघून जाऊ शकतं. दोन्ही दिशांना आशा असली की समजावं, आपण हाती धरलेली अट चुकीची आहे.

यातून सुटायला एक जास्तीची अट आपणच घालायची. इंग्रजी लहान अक्षरं २६ आहेत. उत्तरात नेमकी किती वेगळी अक्षरं असतील ते ठाऊक नाही, पण ती संख्या १ ते २६ मधलीच. म्हणून २६ वेळा विंडो चालवायची: एकदा ‘जास्तीत जास्त एक प्रकार’, मग ‘जास्तीत जास्त दोन’, आणि असंच पुढे. प्रत्येक फेरीत प्रकारांच्या मर्यादेवरून विंडो सरकते, तिथे जिना पक्का आहे. सोबत एक मोजणी ठेवायची की विंडोतल्या किती अक्षरांनी K गाठला आहे. तो आकडा आणि प्रकारांची संख्या सारखी झाली की लांबी नोंदवायची. काम २६ पट झालं, पण n च्या प्रमाणातच राहिलं. `ababb` साठी दोन प्रकारांच्या फेरीत पाच ही लांबी मिळते.

गैरसमज: टू पॉइंटर्सना सॉर्ट केलेला ॲरे लागतोच, आणि सॉर्ट केलेला असेल तर पॉइंटर दोन टोकांना ठेवायचे

या वाक्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त घातक आहे.

सॉर्ट केलेल्या ॲरेत दोन संख्यांची बेरीज T हवी असेल तर पॉइंटर दोन टोकांना ठेवतात, हे सगळ्यांना पाठ असतं. का ठेवतात, हे क्वचित विचारलं जातं. डावी संख्या उरलेल्यांत सर्वांत लहान, उजवी सर्वांत मोठी. बेरीज कमी पडली तर डाव्या संख्येला सर्वांत मोठा जोडीदार देऊनही ती कमीच पडली, म्हणजे ती कुणाबरोबरच T गाठणार नाही. तिला कायमची वगळता येते. बेरीज जास्त झाली तर त्याच न्यायाने उजवी वगळायची. प्रत्येक पावलाला एक संख्या पुराव्यासह बाद होते.

आता बेरजेऐवजी फरक ७ हवा आहे असं म्हणू. एक ॲरे १, ४, ११ आणि दुसरा १, ८, ११. दोन्हींत टोकांना १ आणि ११, फरक १०, हव्या त्यापेक्षा जास्त. कोणता पॉइंटर हलवायचा? पहिल्या ॲरेत उत्तर ४ आणि ११ आहे, म्हणजे डावा हलवायला हवा. दुसऱ्यात उत्तर १ आणि ८, म्हणजे उजवा. टोकांवर उभं राहून पाहिलं तर दोन्ही ॲरे सारखेच दिसतात. दोन्ही पॉइंटर हलवले तरी फरक कमीच होतो, त्यामुळे एकाही संख्येला बाद करण्याचा पुरावा हाती येत नाही. ॲरे सॉर्ट केलेला असूनही टोकांची मांडणी इथे निरुपयोगी आहे.

दोन्ही पॉइंटर डावीकडून सुरू केले की पुरावा मिळतो. फरक कमी असेल तर उजवा पुढे, जास्त असेल तर डावा पुढे. १, ४, ११ मध्ये: १ आणि ४, फरक ३, उजवा पुढे; १ आणि ११, फरक १०, डावा पुढे; ४ आणि ११, फरक ७, मिळालं. डावा पुढे नेताना १ ला कायमचं का सोडता आलं? कारण ११ च्या पुढचे सगळे त्याच्याशी जास्तच फरक देतील, आणि ११ च्या आधीचे कमी देतात हे पाहून झालं आहे. एक पॉइंटर हलवल्याने मोजमाप वाढावं आणि दुसरा हलवल्याने घटावं, अशी मांडणी शोधायची असते. बेरजेसाठी ती दोन टोकांना मिळते, फरकासाठी एकाच बाजूला.

पहिल्या भागाचं खंडन करायला लीटकोडचाच ११ वा प्रश्न पुरेसा आहे: उभ्या भिंतींच्या उंच्या दिल्या आहेत, कोणत्या दोन भिंतींमध्ये सर्वांत जास्त पाणी मावेल? उंच्या समजा ३, ९, ४, ८, २. त्या सॉर्ट केलेल्या नाहीत, आणि करूनही चालणार नाही, कारण भिंतींमधलं अंतर जागेवर अवलंबून आहे. तरी पॉइंटर टोकांना ठेवता येतात. ३ आणि २ मध्ये अंतर ४, पाणी ८. आता २ ची भिंत बाद. तिला मिळू शकणारं सर्वांत मोठं अंतर हेच होतं, आणि पाण्याची उंची तिच्यामुळे दोनच्या वर जाणार नाही. मग ३ आणि ८, अंतर ३, पाणी ९, ३ बाद. ९ आणि ८, अंतर २, पाणी १६, ८ बाद. ९ आणि ४, अंतर १, पाणी ४. उत्तर १६. प्रत्येक वेळी बुटकी भिंत जाते. उंच भिंत बाद केली असती तर तसा पुरावा देता आला नसता.

सॉर्ट करण्याची मुभा आहे का, हेही आधी पाहावं लागतं. जोडीच्या फक्त किमती हव्या असतील तर खुशाल सॉर्ट करा. मूळ जागा हव्या असतील तर किंमत आणि जागा जोडूनच सॉर्ट करा, किंवा हॅशमॅप घ्या. सलग तुकडा हवा असेल तर सॉर्ट केल्याबरोबर प्रश्नच नाहीसा होतो; पावसाचे दिवस कमी-जास्त पावसानुसार लावले तर ‘सलग दिवस’ उरतातच कुठे?

जिना आहे की नाही याबद्दल मनात शंका असेल तर वादापेक्षा तपासणी बरी. दोन लूपचं दांडगाईचं उत्तर लिहायचं, पाच-सहा लांबीचे ॲरे −३ ते ३ मधल्या यादृच्छिक संख्यांनी भरायचे आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहायची. धरणाच्या प्रश्नासारखी चूक अशा चाचणीत पहिल्या काहीशे फेऱ्यांतच सापडते. सापडलेल्या ॲरेची ‘हो-नाही’ची ओळ कागदावर लिहिली की दुसऱ्यांदा बदल नेमका कुठे झाला ते दिसतं. तिथे ऋण संख्या कारण असेल तर चढत्या बेरजांकडे वळायचं, ‘नेमके’ कारण असेल तर वजाबाकीकडे. आणि चाचणीत शून्य विसरू नका: ‘बेरीज नेमकी K’ असे तुकडे साध्या विंडोने मोजणारा कोड धन संख्यांवर बरोबर चालतो, पण मध्ये ० आला की त्याच बेरजेचे जास्तीचे तुकडे मोजायला चुकतो.